क्रिएटिनचा कागद: बोर्डावर "सेफ आहे" एवढंच लिहून भागत नाही

आमच्या भांडुपच्या जिममध्ये आत शिरलं की डाव्या हाताला चपलांच्या रॅकवर एक नोटीस बोर्ड आहे. फीची शेवटची तारीख, डंबेल जागेवर ठेवा, टॉवेल आणा, मंडळाच्या वर्गणीची यादी, असं सगळं त्यावर एकावर एक लागलेलं असतं. मालक मला म्हणाले, नवीन पोरं येतात आणि पहिल्याच आठवड्यात सगळी ताकदीसाठी घ्यायच्या क्रिएटिन पावडरचंच विचारतात, तू लॅबमध्ये आहेस, तर एक कागद बनव, पाच प्रश्न पाच उत्तरं, बोर्डावर लावतो. मी अकरा वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे आणि जवळपास तितकीच वर्षं या जिममध्ये येतोय, त्यामुळे दोन्ही बाजूंचे लोक मला रोज भेटतात. मी कागद बनवला, आणि लागायच्या आधीच त्यावरून आमच्यात जोरदार वाद झाला.

वाद एकाच गोष्टीवरून होता. मी किडनीचा प्रश्न पहिला घेतला होता आणि त्याचं उत्तर अर्धं पान होतं. आमचे सीनियर ट्रेनर म्हणाले, एवढं कशाला, "निरोगी माणसाला सेफ आहे" लिही आणि पुढे चल, एवढं वाचून पोरं उगाच घाबरतील. ते चांगले माणूस आहेत, पोरांची काळजी असते त्यांना, पण मला हे अजिबात पटलं नाही. ते वाक्य खोटं नाहीये, पण ज्या दिवशी पोराच्या हातात ब्लड रिपोर्ट येतो त्या दिवशी ते वाक्य त्याच्या काहीच कामाचं नसतं. बोर्डावर लिहिलंय सेफ आणि रिपोर्टवर ठळक अक्षरात लिहिलंय हाय, मग तो कोणावर विश्वास ठेवणार? रिपोर्टवरच ठेवणार, आणि का ठेवू नये.

झालं काय होतं ते सांगतो. आमच्याकडचा एक सत्तावीस वर्षांचा मुलगा, लोअर परळला ऑफिस, वर्षभर नेमाने येतोय, चौसष्ट किलोचा एकाहत्तर किलो झाला, आणि अडीच महिने रोज पाच ग्रॅम क्रिएटिन घेत होता. ऑफिसच्या वार्षिक चेकअपमध्ये त्याचं रक्तातलं क्रिएटिनिन, ज्यावरून किडनीच्या कामाचा अंदाज घेतात, ते आलं १.४, लॅबची रेंज ०.७ ते १.३. खाली ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा आकडा, ७१, आणि त्याच्याखाली छापील ओळ, ६० ते ८९ म्हणजे किडनीच्या कामात सौम्य घट. त्याच्या घरात काका चार वर्षं डायलिसिसवर होते, त्यामुळे आईने तो कागद वाचल्यावर काय झालं असेल ते तुम्हीच समजा. क्रिएटिनचा डबा त्याच संध्याकाळी कचऱ्यात गेला आणि दुसऱ्या दिवशी हा मुलगा माझ्यासमोर मोबाईल धरून उभा, दादा माझी किडनी गेली का.

मी त्याला आधी रिपोर्टबद्दल काहीच सांगितलं नाही, आदल्या दिवसाचं विचारलं. टेस्ट सोमवारी सकाळी. रविवारी सकाळी लेग डे, तोही जबरदस्त, पाय थरथरत घरी गेलेला. दुपारी घरी मटण, दोन वाट्या रस्सा आणि वर सुकं. गुडघा दुखत होता म्हणून एक पेनकिलर. रात्रीपासून उपाशी, पाणीही फारसं नाही कारण "फास्टिंग आहे ना". हे सगळं ऐकल्यावर मला १.४ चं आश्चर्य वाटलं नाही, पण त्याला ते का वाटू नये हे समजावून सांगायला अर्धा तास लागला, आणि तोच अर्धा तास मला बोर्डावर हवा होता.

पहिली गोष्ट म्हणजे नावं. क्रिएटिन आणि क्रिएटिनिन, एका "नि"चा फरक, आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो. क्रिएटिन आपलं शरीर स्वतः बनवतं, सुरुवात किडनीत होते आणि शेवटची पायरी लिव्हरमध्ये, बाकी मटण-मासळीतून मिळतं. सत्तर किलोच्या माणसात अंदाजे १२० ग्रॅम असतं, त्यातलं ९५ टक्के स्नायूंमध्ये. जोर लावताना पहिल्या काही सेकंदांत जी ताकद लागते ती पटकन भरून देणं हे त्याचं काम. या साठ्यातलं दिवसाला साधारण दोन ग्रॅम आपोआप मोडतं आणि त्याचं जे उरतं ते क्रिएटिनिन. त्याचा शरीराला काही उपयोग नाही, ते रक्तात येतं आणि किडनी ते लघवीतून बाहेर टाकते. म्हणजे क्रिएटिनिन हा कचरा आहे, विष नाही, आणि किडनीचा भागही नाही.

आता लॅबमध्ये आम्ही काय करतो. बऱ्याच ठिकाणी अजूनही जुनी पद्धत आहे, सीरममध्ये पिवळं पिक्रेट आणि अल्कली मिसळतो, क्रिएटिनिन असेल तसा नारिंगी रंग चढतो, आणि मशीन तो रंग किती वेगाने गडद होतो ते मोजतं. बस. त्या नळीत किडनी कुठेच नाही. आम्ही कचरा किती साठलाय ते मोजतो आणि त्यावरून कचरा नेणारी गाडी वेळेवर येते की नाही याचा अंदाज बांधतो. एरवी अंदाज बरोबर येतो, कारण माणसाचा रोजचा कचरा साधारण सारखाच असतो. पण समजा सोसायटीत काल लग्न होतं, पत्रावळ्यांचा ढीग लागला आणि डबे ओसंडून वाहतायत, तर गाडी आली नाही म्हणून वॉर्ड ऑफिसला तक्रार करायची का? आधी विचारायला हवं ना की काल इथे काय होतं.

या मुलाच्या बाबतीत एकाच वेळी चार लग्नं होती. वर्षभरात वजन सात किलो वाढलं, त्यातला बराचसा स्नायू, म्हणजे रोजचं क्रिएटिनिन मुळातच जास्त. त्यात वरून क्रिएटिन, त्यामुळे साठा वाढला आणि साठा वाढला की मोडणारं पण वाढणार. मटण शिजताना त्यातल्या क्रिएटिनचा काही भाग तिथेच क्रिएटिनिन होतो, तो थेट रक्तात उतरतो आणि काही तास राहतो. जबर व्यायाम आणि कमी पाणी हे चौथं. आणि पेनकिलर ही पाचवी गोष्ट, ती मात्र वेगळी ठेवतो, कारण आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या किडनीकडे जाणारं रक्त खरंच कमी करतात, आणि घाम गाळून कोरडा पडलेला माणूस त्या वारंवार घेत असेल तर ती गाडीच बिघडवण्यासारखी गोष्ट आहे. जिममध्ये क्रिएटिनला घाबरणारी आणि बॅगेत पेनकिलरची स्ट्रिप ठेवणारी पोरं मी रोज बघतो, याचं मला फार वाईट वाटतं.

मग ते ईजीएफआर ७१ चं काय. त्यातल्या "ई" चा अर्थच अंदाजे. हा आकडा कोणी मोजलेला नसतो, कॉम्प्युटर क्रिएटिनिन, वय आणि तुम्ही स्त्री की पुरुष एवढं सूत्रात घालतो आणि आकडा काढतो. स्नायू किती, काल काय खाल्लं, डबा कोणता चालू आहे, हे सूत्राला माहीतच नाही. सत्तावीस वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन १.१ असेल तर आज वापरात असलेल्या सूत्राने ईजीएफआर साधारण ९४ येतो. तेच १.४ झालं की ७१. म्हणजे ०.३ च्या फरकाने तेवीस आकडे खाली, आणि किडनीने त्या दरम्यान एक थेंबही कमी गाळलेलं नसेल तरी रिपोर्ट "घट" असंच छापणार.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. २०१० मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी एका वीस वर्षांच्या मुलाची केस छापली, त्याला एकच किडनी होती. त्याला पाच दिवस रोज वीस ग्रॅम आणि नंतर महिनाभर रोज पाच ग्रॅम क्रिएटिन दिलं. क्रिएटिनिन १.०३ वरून १.२७ झालं आणि त्यावरून काढलेला अंदाजी आकडा ८८ वरून ७१ वर घसरला. पण त्यांनी वेगळ्या, किरणोत्सारी पदार्थ टोचून करायच्या पद्धतीने किडनी खरंच किती गाळते ते पण मोजलं होतं. ते आधी ८१.६, नंतर ८२. काही फरक नाही. एकाच माणसाच्या एकाच किडनीबद्दल एक आकडा म्हणतोय घसरली आणि दुसरा म्हणतोय जशीच्या तशी, यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. अर्थात ही एका माणसाची, पस्तीस दिवसांची गोष्ट आहे, एक किडनीवाल्यांनी यावरून डबा विकत आणायचा नाही.

तर आमच्या मुलाला मी सांगितलं की आधी फॅमिली डॉक्टरकडे जा, डबा काय, डोस काय, रविवारी काय काय केलं, सगळं सांग, लपवू नकोस. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि दोन आठवडे क्रिएटिन बंद करून परत टेस्ट लिहून दिली. त्या टेस्टच्या आधी दोन दिवस जड व्यायाम नाही, आदल्या दिवशी मटण-चिकन-मासळी नाही, पेनकिलर नाही, पाणी नेहमीसारखं. क्रिएटिनिन १.१ आलं. सोबत अजून दोन गोष्टी केल्या होत्या आणि माझ्या मते खरा निकाल त्यांनी दिला. एक सिस्टॅटिन सी. हे एक छोटं प्रोटीन आहे, शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशी ते बनवतात, त्यामुळे स्नायू किती आणि क्रिएटिन घेतो की नाही याचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. ते ०.८५ आलं, त्यावरून ईजीएफआर ११० च्या आसपास. ही टेस्ट महाग पडते, सगळीकडे होत नाही, आणि थायरॉईड बिघडलेला असेल किंवा स्टेरॉइडची औषधं चालू असतील तर तीही फसवते, पण अशा वेळी करण्यासारखी आहे. दुसरी लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रोटीनची, त्याचं क्रिएटिनिनशी गुणोत्तर तीसच्या खाली असावं लागतं, याचं सात आलं. बीपी ११८/७६. डॉक्टर म्हणाले किडनी व्यवस्थित आहे.

आता इथे ट्रेनर म्हणाले, बघ, म्हणजे सेफच आहे ना, मग तेच लिही. आणि इथेच मला दुसऱ्या माणसाची गोष्ट सांगावी लागली. आमच्याकडे एक चव्वेचाळीस वर्षांचे काका येतात, त्यांचं क्रिएटिनिन १.७ आलं होतं. तेही क्रिएटिन घ्यायचे. लॉकर रूममध्ये सगळ्यांनी त्यांना सांगितलं, अहो काळजी करू नका, क्रिएटिनमुळे येतंच, आणि ते निवांत झाले. डबा बंद करून महिन्याने परत केलं तेव्हा १.८. लघवीत प्रोटीन भरपूर, बीपी १६०/१००, आणि ते बीपी किती वर्षांपासून होतं कोणालाच माहीत नाही, कारण त्यांनी आधी कधी मोजलंच नव्हतं. क्रिएटिनने त्यांची किडनी बिघडवली नव्हती, ती आधीच बिघडत होती. पण "क्रिएटिनमुळे येतंच" या वाक्याने त्यांचा एक महिना खाल्ला.

म्हणून मी हट्टाला पेटलो की कागदावर दोन्ही हवं. क्रिएटिनमुळे होणारी वाढ थोडी असते, बहुतेक वेळा ०.१ ते ०.३ एवढीच, बंद केल्यावर काही आठवड्यांत परत जागेवर येते, आणि तिच्यासोबत दुसरं काही बिघडलेलं नसतं. ज्याचं बंद करूनही खाली येत नाही, उलट चढतंय, किंवा लघवीला सतत फेस येतोय, पायांना सूज आहे, बीपी वर आहे, लघवीत प्रोटीन किंवा रक्त आहे, त्याने क्रिएटिनचं नाव पुढे करून सुटका करून घ्यायची नाही, सरळ डॉक्टर गाठायचा. एक बारीक गोष्ट अजून, जबर व्यायामानंतर एक-दोन दिवस लघवीत थोडं प्रोटीन निरोगी माणसालाही दिसू शकतं, म्हणून ती टेस्टही विश्रांतीनंतरच करायची. आणि ज्यांना आधीच किडनीचा त्रास, एक किडनी, डायबेटिस, बीपी आहे, किडनीवर ताण टाकणारी औषधं चालू आहेत, किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांनी आधी डॉक्टर आणि मग डबा. अठराच्या खालच्या पोरांना जिमने स्वतःहून देऊच नये, असं माझं मत.

बाकीचे चार प्रश्न मी पटापट लिहिले, कारण तिथे एवढं गुंतागुंतीचं काही नाहीये.

स्टेरॉइड आहे का, हे बहुतेक आयांकडून येतं. नाही. तीन अमिनो ॲसिडपासून बनतं, मटणात आणि मासळीत असतं, किलोभर कच्च्या मटणात किंवा मासळीत साधारण चार-पाच ग्रॅम, आणि डोपिंगच्या जागतिक बंदी यादीत त्याचं नाव नाही. जे शुद्ध शाकाहारी आहेत त्यांच्या स्नायूंतला साठा मुळात कमी असतो, त्यांना फरक जास्त जाणवू शकतो, तेव्हा आमच्या जिममधल्या गुजराती आणि जैन पोरांनी तर याला मांसाहाराचा पदार्थ समजून घाबरू नये, बाजारातली पावडर कारखान्यात रसायनांपासून बनते. पण एक धोका खरा आहे आणि तो डब्यातल्या भेसळीचा. सुटी पावडर झिपच्या पिशवीत घेऊ नका, कितीही ओळखीचा माणूस असला तरी. लेबलवर एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर हवा, तो त्यांच्या साइटवर टाकून बघता येतो, आणि घटकांमध्ये क्रिएटिन मोनोहायड्रेट एवढं एकच नाव हवं. ज्या डब्यावर वीस नावं आणि "खास मिश्रण" लिहिलंय त्यात क्रिएटिन किती आहे हे कळायला मार्ग नसतो.

लोडिंग, म्हणजे सुरुवातीचे काही दिवस मोठा डोस, करायचं का. नाही केलं तरी चालतं. १९९६ मध्ये स्वीडनमध्ये हे तपासून झालंय, सहा दिवस रोज वीस ग्रॅम घेतलेल्यांचा आणि अठ्ठावीस दिवस रोज तीन ग्रॅम घेतलेल्यांचा स्नायूंतला साठा शेवटी सारखाच भरला. वीस ग्रॅमने कित्येकांचं पोट बिघडतं, आणि सकाळी सात-पन्नासच्या लोकलमध्ये उभं राहून जायचं असेल तर कशाला तो त्रास. तीन ते पाच ग्रॅम, म्हणजे सपाट केलेला एक चहाचा चमचा, रोज, कुठल्याही वेळी, व्यायाम नसेल त्या दिवशीही. एक दिवस राहिला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायचं नाही. कोमट पाण्यात चांगलं विरघळतं, पण मिसळलं की पिऊन टाका, बाटलीत दिवसभर ठेवलं की हळूहळू त्याचं क्रिएटिनिन व्हायला लागतं. पावसाळ्यात आपल्याकडे डबा दगड होतो, तेवढ्याने पावडर खराब होत नाही, पण गाठी झाल्या की चमच्याचं माप चुकतं, तेव्हा ओला चमचा घालू नका आणि झाकण घट्ट लावा.

केस गळतात का, हा प्रश्न मुलं हळू आवाजात विचारतात. याची सुरुवात २००९ च्या दक्षिण आफ्रिकेतल्या अभ्यासातून झाली, वीस रग्बी खेळाडू, आठवडाभर मोठा डोस, आणि टक्कल पडण्याशी ज्याचा संबंध आहे त्या डीएचटी हार्मोनमध्ये ५६ टक्के वाढ. ऐकायला भयंकर वाटतं, पण वाढूनही ते नॉर्मल रेंजमध्येच होतं, आणि कोणाचे केस मोजलेच नव्हते. २०२५ मध्ये छापून आलेल्या बारा आठवड्यांच्या अभ्यासात केस प्रत्यक्ष तपासले, रोज पाच ग्रॅम घेणाऱ्यांमध्ये आणि न घेणाऱ्यांमध्ये फरक सापडला नाही, डीएचटीतही नाही. बारा आठवडे म्हणजे काही फार नाही हे मला मान्य आहे. पण ज्याच्या वडिलांचं आणि मामाचं टक्कल पंचविशीत सुरू झालं त्याने डब्याला दोष देण्याआधी घरातले फोटो बघावेत.

पाचवा प्रश्न फुगतो का आणि सोडल्यावर सगळं जातं का. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत एखाद-दोन किलो वजन वाढू शकतं, विशेषतः लोडिंग केलं तर, ते पाणी आहे आणि बहुतांश स्नायूंच्या आत जातं. सकाळच्या बॅचच्या बायका याच कारणाने घेत नाहीत, काटा वर गेला की चरबी वाढली असं वाटतं, तर तसं नसतं. सोडल्यावर चार ते सहा आठवड्यांत साठा आधीच्या पातळीवर येतो, ते पाणी जातं, शेवटचे एक-दोन रेप थोडे जड जातात. मेहनतीने बनवलेला स्नायू त्यासोबत जात नाही. आणि क्रिएटिन घेतो म्हणून रोज सहा लिटर पाणी पिण्याची गरज नाही, आपल्या मे महिन्याच्या घामात तहान आणि लघवीचा रंग बघून प्यायचं, गडद पिवळी असेल तर कमी पडतंय.

आता खरा मुद्दा, हे सगळं बोर्डावरच का हवं, ट्रेनरने तोंडी सांगितलं तर काय बिघडतं. बिघडतं असं की आमच्याच काउंटरवर डबे विकायला असतात आणि प्रत्येक डब्यामागे ट्रेनरला काहीतरी सुटतं. मी हे कोणाला चोर म्हणायला लिहीत नाहीये, त्यांचे पगार किती कमी आहेत मला माहीत आहे, मुंबईत त्यावर घर चालत नाही. पण ज्याला डब्यामागे पैसे मिळतात त्याच्या तोंडून "सेफ आहे" ऐकलेलं पोरगं, रिपोर्ट हाय आल्यावर त्याच ट्रेनरकडे परत येत नाही, ते गुगल करतं किंवा घाबरून गप्प बसतं. आणि तोंडी सांगितलेलं प्रत्येकाला वेगळं सांगितलं जातं. कागद सगळ्यांना तेच सांगतो, घेणाऱ्याला आणि न घेणाऱ्याला, आणि आईने फोटो मागितला तर पाठवता येतो.

मालकांची शंका वेगळी होती, की आपण डॉक्टर नाही, उद्या काही झालं तर आपल्यावर येईल. मला वाटतं येणार असेल तर गप्प बसल्यावर जास्त येईल. आपण डबा विकतोय, मग तो घेतल्यावर रक्ताच्या टेस्टमध्ये काय दिसतं हे सांगणं आपलंच काम आहे, आणि त्यात आपण निदान करत नाही, उलट डॉक्टरकडे काय घेऊन जायचं ते सांगतोय. लॅबच्या बाजूनेही सांगतो, सकाळी कलेक्शनला रांग असते, आम्ही विचारतो उपाशी आहात का, डायबेटिस आहे का, सप्लिमेंट घेता का हे बहुतेक वेळा कोणी विचारत नाही, फॉर्मवर तसा रकानाच नसतो. तो रकाना असायला हवा, मी आमच्याकडे दोनदा बोललोय. तोपर्यंत माणसाने स्वतःहून सांगायला हवं, आणि स्वतःहून तो तेव्हाच सांगेल जेव्हा त्याला ते आधी माहीत असेल.

शेवटी कागद लागला. पहिलं उत्तर असं आहे: "निरोगी माणसात रोज ३ ते ५ ग्रॅम क्रिएटिनने किडनी खराब होते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. पण रक्तातलं क्रिएटिनिन थोडं वाढलेलं दिसू शकतं. टेस्टला जाताना क्रिएटिन घेतो हे लॅबला आणि डॉक्टरांना सांगा. टेस्टच्या आधी दोन दिवस जड व्यायाम आणि आदल्या दिवशी मटण-मासळी टाळा. रिपोर्ट हाय आला तर घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका, डॉक्टरांना विचारून क्रिएटिन थांबवा, दोन ते चार आठवड्यांनी परत टेस्ट करा, सोबत लघवीतलं अल्ब्युमिन आणि बीपी. जमलं तर सिस्टॅटिन सी." त्याखाली कोणी घेऊ नये त्यांची यादी, आणि तळाला मी लिहिलेल्याची तारीख.

तारखेखाली मला अजून एक ओळ हवी होती, "ही जिम क्रिएटिन विकते." ती अजून लागलेली नाही. ट्रेनर म्हणतात गिऱ्हाईक बिचकेल, मी म्हणतो ज्याला हे आधीच सांगितलं तो रिपोर्ट घेऊन आपल्याकडेच येईल. मालक म्हणालेत गणपतीनंतर बघू. तळाला तेवढी जागा मी मोकळी ठेवलीय.